अहवालातली रिकामी चौकट आधी आखा: प्रस्तावातली उद्दिष्टं मोजता येतील अशी कशी लिहायची

काही वर्षांपूर्वी वार्षिक अहवाल घेऊन मी निधी देणाऱ्यांच्या कार्यालयात बसलो होतो. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये संध्याकाळचे वाचनवर्ग चालवायचे, असा आमचा प्रकल्प होता. अहवाल जाडजूड होता. हजेरीपट, फोटो, पालक मेळाव्याची बातमी, सगळं जोडलेलं. समोरच्या बाईंनी आमचा मूळ प्रस्ताव उघडला, पहिल्या उद्दिष्टावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मुलांच्या वाचन कौशल्यात लक्षणीय सुधारणा घडवून आणणे, असं तुम्ही लिहिलंय. हे झालं का?" मी म्हणालो, "हो, झालं." त्या म्हणाल्या, "किती मुलांच्या? आधी ती काय वाचत होती, आता काय वाचतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलं खरोखर शिकली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जुलै महिन्यात कोणतं मूल कुठं होतं हे आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं, आणि गेलेला जुलै परत आणता येत नाही. चूक अहवालात नव्हती. ती जवळजवळ वर्षभर आधी, प्रस्ताव लिहिताना झाली होती.

तेव्हापासून मी प्रस्ताव लिहायला बसलो की आधी शेवटच्या अहवालातलं वाक्य लिहितो, आकड्यांच्या जागा रिकाम्या सोडून. ती रिकामी जागा कोण, कधी, कशाने भरणार हे सांगता आलं, तरच ते उद्दिष्ट प्रस्तावात जातं. हे कसं करायचं ते खाली एकाच उदाहरणातून सांगतो. उदाहरणातले आकडे मांडणी कळावी म्हणून मी रचलेले आहेत. जागा आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

उदाहरणाची जागा

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे. 2006 साली तिथली दहा हजार घरं कामगारांना मिळाली. घरातली बाई विड्या वळते, ठरलेल्या वेळी त्या जमा करायला जाते. पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते आणि पोरं मराठी शाळेत जातात. समजा, तिथं आपल्याला तिसरी ते पाचवीच्या 240 मुलांसाठी सहा केंद्रं चालवायची आहेत, प्रत्येक केंद्रात 40 मुलं, रोज संध्याकाळी दीड तास.

पहिलं काम: आपण करणार ते आणि मुलांत बदलणार ते वेगळं काढा

बहुतेक प्रस्तावांत उद्दिष्टांच्या यादीत असं असतं: सहा केंद्रं सुरू करणे, शिक्षिकांचं प्रशिक्षण घेणे, पालकांमध्ये जाणीव जागृती करणे. यातली पहिली दोन आपली कामं आहेत. ती झाली की नाही हे सांगणं सोपं, म्हणून ती उद्दिष्टांत घुसतात. पण सहा केंद्रं वर्षभर चालूनही एकही मूल वाचायला शिकलं नाही, असं होऊ शकतं. म्हणून ही वाक्यं उचलून 'कार्यक्रम आणि कृती' या भागात न्या. तिथं त्यांचा आकडा द्या, अहवालात त्यांचा हिशेबही द्या, पण त्यांना उद्दिष्ट म्हणू नका.

तिसरं वाक्य यापेक्षा अवघड. जागृती, सक्षमीकरण, सर्वांगीण विकास, गोडी लागणे हे शब्द वाईट नाहीत, पण ते कुणाच्या तरी मनात घडतात. अशा वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे झालं असेल, तर वस्तीत उभं राहून मला वेगळं काय दिसेल? आई मुलाच्या वाचनाकडे लक्ष देऊ लागली, तर ती केंद्रावर येऊन गोष्टीचं पुस्तक घरी नेईल आणि वहीत अंगठा किंवा सही करेल. मग उद्दिष्ट त्या वहीवर बांधा. 'तुम्ही मुलाला घरी वाचायला बसवता का' असं विचारून आलेल्या उत्तरांवर बांधू नका. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई आपल्याला वाईट वाटू नये म्हणून 'हो' म्हणते. मी कितीदा तरी हे 'हो' ऐकलं आहे.

दुसरं काम: मोजण्याचं साधन आधी ठरवा, शब्द नंतर

वाचन मोजायचं साधन आपल्याला नव्याने शोधायची गरज नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून चालणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात वापरली जाणारी वाचन चाचणी पुष्कळ संस्था वापरतात. एका मुलाला एका वेळी, शांतपणे जवळ बसवून वाचायला द्यायचं. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल अडखळत सुटे शब्द जोडल्यासारखं नाही, तर वाक्य म्हणून वाचत असेल आणि चुका तीनपेक्षा जास्त नसतील, तर पुढची गोष्ट द्यायची. ती पहिलीच्या परिच्छेदापेक्षा मोठी, साधारण दुसरीच्या पातळीची असते. परिच्छेद जमला नाही तर शब्द द्यायचे. पाचपैकी चार बरोबर आले की मूल शब्द पातळीवर. तेही नाही जमलं तर अक्षरं, तिथंही पाचपैकी चार. अशा पाच पायऱ्या होतात: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.

साधन ठरलं की उद्दिष्टातला शब्द आपोआप ठरतो. 'चांगलं वाचता येणे' जाऊन 'परिच्छेद पातळी गाठणे' येतं, आणि दोन वेगळ्या माणसांनी तपासलं तरी निकाल साधारण सारखा येतो. तो सारखा यावा म्हणून तीन नियम प्रस्तावाच्या परिशिष्टात लिहून टाका. पहिला, शिक्षिका स्वतःच्या केंद्रातली मुलं तपासणार नाही. केंद्रांची अदलाबदल करायची. आपल्या पोराला थोडं सावरून घ्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे, त्यात लबाडी नसते. दुसरा, जुलैचा परिच्छेद मार्चमध्ये वापरायचा नाही. तितक्याच अवघड पातळीचा दुसरा द्यायचा. वसाहतीत एक परिच्छेद चार दिवसांत सगळ्या पोरांना तोंडपाठ होतो. तिसरा, उच्चारातली तेलुगू लकब ही चूक धरायची नाही. हा नियम नसेल तर एक तपासनीस ती चूक धरते, दुसरी धरत नाही, आणि दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसरं काम: सुरुवातीचा आकडा

इथं सगळ्यांची गाडी अडते. प्रस्ताव एप्रिल-मेमध्ये लिहायचा असतो, मुलं जूनमध्ये शाळेत येतात, केंद्रातली नावं जुलैपर्यंत स्थिर होतात. मग प्रस्तावात सुरुवातीचा आकडा कुठून आणायचा?

दोन गोष्टी करा. प्रस्तावाआधी दोन संध्याकाळी वसाहतीतल्या दोन-तीन गल्ल्यांत बसून 40 मुलांची चाचणी घ्या. यातून नेमका आकडा मिळत नाही, अंदाज मिळतो. पण परिच्छेद न वाचणारी मुलं निम्मी आहेत की बहुतेक सगळीच, एवढं तरी कळतं. मग प्रस्तावात हे वाक्य घाला: 'सर्व मुलांची पायाभूत चाचणी 31 जुलैपर्यंत पूर्ण करू आणि त्यावरून उद्दिष्टातला अंतिम आकडा 15 ऑगस्टपर्यंत लेखी कळवू.' निधी देणारे याला सहसा हरकत घेत नाहीत. अंदाजाने ठोकून दिलेला आकडा वर्षअखेरीस गळ्यात अडकतो, त्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

समजा, जुलैत 240 मुलांची चाचणी झाली. काहीच न वाचणारी 38, अक्षर पातळीवर 62, शब्द पातळीवर 71, परिच्छेद पातळीवर 41 आणि गोष्ट वाचणारी 28. म्हणजे 69 मुलं आधीच परिच्छेद किंवा त्यापुढे आहेत. उरली 171.

आता लोभ आवरा. '240 पैकी 75 टक्के मुलं परिच्छेद वाचतील' असं लिहिलं, तर त्यात आपण हातही न लावलेली 69 मुलं आपल्या खात्यावर जमा होतात. अहवाल छान दिसतो, पण आपल्याला स्वतःलाच काही कळत नाही. उद्दिष्ट त्या 171 मुलांवर बांधा.

चौथं काम: किती, हे पायरीपायरीने ठरवा

लक्ष्याचा आकडा हवेतून येऊ नये. 80 टक्के लिहायची एक सवयच पडून गेली आहे. कुणी विचारलं की 80 का, तर उत्तर नसतं. त्याऐवजी प्रत्येक पायरीचा वेगळा विचार करा. शब्द वाचणारं मूल आठ महिन्यांत परिच्छेदापर्यंत बहुधा पोचतं. 71 पैकी 60 धरू. अक्षर ओळखणाऱ्याला दोन पायऱ्या चढायच्या आहेत. 62 पैकी 40. काहीच न येणाऱ्याला तीन. तिथं 38 पैकी 10 धरले तरी तो मोठा पल्ला आहे. बेरीज 110. म्हणजे 171 पैकी 110, साधारण 64 टक्के. हा हिशेब प्रस्तावात दोन ओळींत दाखवा. वाचणाऱ्याला कळतं की आकड्यामागे विचार आहे, आणि पुढं लक्ष्य हुकलं तर नेमकं कोणत्या पायरीवर हुकलं हे सांगता येतं.

खालच्या पायरीला वेगळा आकडा देण्याचं आणखी एक कारण आहे. एकच बेरीज ठेवली की शिक्षिका नकळत शब्द पातळीवरच्या मुलांकडे जास्त वळते, कारण तिथं यश जवळ असतं. काहीच न येणारं मूल मागच्या रांगेतच राहतं. 38 पैकी 10 हा आकडा कागदावर असला की त्या रांगेकडेही लक्ष जातं.

पाचवं काम: कोण मोजणीत, कोण बाहेर

मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे, कारण उद्दिष्ट साध्य झालं की नाही यावरचे बहुतेक वाद इथंच होतात.

समजा मार्च आला. 171 पैकी 19 मुलं आता वसाहतीत नाहीत. कुणाच्या वडिलांना पुण्यात काम मिळालं, कुणाला गावी आजीकडे ठेवलं. उरलेल्या 152 जणांची चाचणी झाली आणि त्यातली 104 परिच्छेद किंवा त्यापुढे पोचली. उद्दिष्ट 64 टक्क्यांचं होतं. 104 ला 171 ने भागलं तर 61 टक्के, म्हणजे साध्य झालं नाही. 152 ने भागलं तर 68 टक्के, म्हणजे साध्य झालं. मुलं तीच, चाचणी तीच, शिक्षिकांची मेहनतही तीच. फरक फक्त खाली कोणती संख्या ठेवली याचा.

ही निवड मार्चमध्ये करायला बसलात, तर मन आपल्या सोयीचीच संख्या उचलेल. म्हणून ती प्रस्तावातच करून टाका. माझं मत असं की निर्णायक संख्या जुलैचीच ठेवावी. कामासाठी घर बदलावं लागणं हे या वस्त्यांचं रोजचं वास्तव आहे. ते धरूनच लक्ष्य ठरवायला हवं. काही सहकाऱ्यांना हे कडक वाटतं. त्यांचं म्हणणं, गेलेल्या मुलांचं खापर आपल्यावर का? त्यातही तथ्य आहे. त्यांनी 152 ची बाजू घेतली तरी चालेल, अट एवढीच की ते आधी लिहिलेलं असावं आणि अहवालात दोन्ही टक्केवाऱ्या दिसाव्यात. ऑगस्टनंतर केंद्रात आलेल्या मुलांना आनंदाने शिकवा, पण या मोजणीत धरू नका; त्यांचा जुलैचा आकडाच आपल्याकडे नाही.

आता उद्दिष्ट पूर्ण लिहिता येतं:

'जुलैच्या पायाभूत चाचणीत परिच्छेद पातळीच्या खाली असलेल्या 171 मुलांपैकी किमान 110 मुलं 15 मार्चपर्यंत परिच्छेद किंवा त्यापुढची पातळी गाठतील. त्यात जुलैमध्ये काहीच वाचता न येणाऱ्या 38 पैकी किमान 10 असतील. मोजणी दुसऱ्या केंद्रातील शिक्षिका वैयक्तिक चाचणीने करतील. सोडून गेलेली मुलं 171 मध्ये धरली जातील.'

लांबलचक आहे, मान्य. पण याचं 'होईल'चं 'झाले' केलं की अहवालातलं वाक्य तयार होतं.

तारखा कॅलेंडर बघून टाका

तारीख 31 मार्च टाकायचा मोह होतो, कारण कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा हिशेब आर्थिक वर्षाने चालतो. पण चाचणीला आठवडा लागतो, गैरहजर मुलांच्या घरी जायला आणखी एक, आकडे मांडायला तिसरा. म्हणून मोजणी 15 मार्चला संपवा. मधली चाचणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. जानेवारीवर ढकललीत तर संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा येते, गड्ड्यावर पाळणे लागतात आणि त्या दिवसांत पोरं केंद्रावर सापडत नाहीत. डिसेंबरची चाचणी अहवालासाठी नाहीच, आपल्यासाठी आहे. शब्दावर अडकलेली मुलं तेव्हा कळली तर अजून तीन महिने हातात असतात.

वही आणि तक्ता

प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या आणि तो वर्षभर बदलू नका. केंद्र तीनमधलं सतरावं मूल म्हणजे 3-17, ते नंतर केंद्र पाचमध्ये गेलं तरी 3-17 च. नावांवर भिस्त ठेवली तर एकाच गल्लीत एकाच नावाची तीन मुलं निघतात, आणि मार्चचा निकाल भलत्याच्या जुलैला चिकटतो.

संगणकावरच्या तक्त्यात A मध्ये क्रमांक, B मध्ये केंद्र, C मध्ये इयत्ता, D मध्ये जुलैची पातळी, E मध्ये डिसेंबरची, F मध्ये मार्चची आणि G मध्ये शेरा ठेवा. पातळी अंकात लिहा: काहीच नाही 1, अक्षर 2, शब्द 3, परिच्छेद 4, गोष्ट 5. मूल वसाहत सोडून गेलं असेल तर F रिकामं सोडा आणि G मध्ये कारण लिहा. शून्य टाकू नका, शून्यही अंक म्हणून मोजला जातो. मग तीन ओळींत हिशेब निघतो:

```
=COUNTIF(D:D,"<4")
=COUNTIFS(D:D,"<4",F:F,">=1")
=COUNTIFS(D:D,"<4",F:F,">=4")
```

पहिली ओळ 171 देईल, दुसरी चाचणी झालेली 152, तिसरी पोचलेली 104. ऑगस्टनंतर आलेल्या मुलांचं D रिकामं असतं, त्यामुळे ती आपोआप बाहेर राहतात. मूळ चाचणीचे कागद फेकू नका. कुणी पडताळणीला आलं, तर त्यांना दहा क्रमांक निवडू द्या आणि त्या मुलांचे जुलै-मार्चचे कागद पुढं ठेवा.

आणि लक्ष्य हुकलं तर अहवालात काय लिहायचं

आपल्या उदाहरणात ते हुकलंच आहे: 110 च्या जागी 104. पहिल्याच वाक्यात लिहा, 'उद्दिष्ट साध्य झाले नाही. 171 पैकी 104 मुलं पोचली.' मग पायऱ्या उलगडा. शब्द पातळीवरच्या 71 पैकी 63 जणांची चाचणी झाली, 55 पोचली, अपेक्षा 60 ची होती. अक्षर पातळीवरच्या 62 पैकी 56 जणांची झाली, 38 पोचली, अपेक्षा 40. काहीच न येणाऱ्या 38 पैकी 33 जणांची झाली, 11 पोचली, अपेक्षा 10. म्हणजे सगळ्यांत अवघड गटात आपण लक्ष्य ओलांडलं. तूट पडली ती मुख्यतः वरच्या गटात, आणि त्या गटातलीच आठ मुलं वसाहत सोडून गेली. हे सगळं सांगता आलं, कारण जुलैत पायऱ्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

एक वाक्य मात्र लिहू नका: 'आमच्या केंद्रांमुळे 104 मुलं वाचू लागली.' ही मुलं दिवसभर शाळेतही जातात आणि वर्षभरात काहीजण एरवीही पुढं सरकलीच असती. केंद्रात न येणाऱ्या मुलांची तशीच चाचणी घेतली नसेल, तर श्रेय किती आपलं हे सांगता येत नाही. 'केंद्रात येणाऱ्या 171 पैकी 104' इतकंच लिहा.

वर्षाच्या मध्ये लक्ष्य बदलायची वेळही येते. एखादं केंद्र जागेअभावी बंद पडतं आणि 40 मुलं विखुरतात. तेव्हा थांबू नका. त्याच आठवड्यात निधी देणाऱ्यांना पत्र लिहा. जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख, एवढं पुरे. त्यांचं लेखी उत्तर आलं की नवं वाक्य जुन्याच्या खाली लिहा आणि अहवालात दोन्ही छापा. जुनं खोडून टाकू नका.